कव्हर सरफेस प्लेटवर डुगडुगतंय? सेटिंगला हात लावण्याआधी वाकाचा आकार बघा

भोसरीतल्या ज्या इंजेक्शन मोल्डिंग शॉपमध्ये मी प्रोसेस बघतो, तिथे एक गोल कव्हर बरीच वर्षं चालू आहे. मोल्डच्या कॅव्हिटीत १५० मिमी व्यास, जाडी २.५ मिमी, कडेला जेमतेम ४ मिमीची ओठासारखी पट्टी आणि स्क्रूसाठी कडेजवळ चार भोकं. गेट, म्हणजे वितळलेलं प्लॅस्टिक मोल्डमध्ये शिरतं ते तोंड, बरोबर मध्यभागी. मटेरियल साधं, काहीही न भरलेलं पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. ड्रॉइंगवर सपाटपणा १ मिमीच्या आत मागितलेला आहे.

तक्रार नेहमी एकच यायची. मोल्ड चढवला की पहिल्या दिवशी माल पास, तिसऱ्या दिवशी ग्राहकाकडून फोन, की कव्हर हाउसिंगवर ठेवलं तर डुगडुगतं. मग कुणी होल्डिंग प्रेशर, म्हणजे मोल्ड भरल्यावर आतल्या मटेरियलवर धरून ठेवलेला दाब, वाढवायचं, कुणी कूलिंग दोन सेकंदांनी वाढवायचं, कुणी गरम पार्टवर लोखंडी वजन ठेवायचं. आठवडाभर बरं वाटायचं आणि पुन्हा तेच. रात्रपाळीचा ऑपरेटर मला म्हणाला होता, "साहेब, मी काही बदललं नाही, कालच्याच सेटिंगवर चालवलंय." तो खरं बोलत होता, हे समजायला मला फार उशीर लागला.

पहिली चूक मापण्याची होती. आम्ही पार्ट मशीनवरून उतरल्यावर दहा मिनिटांत सरफेस प्लेटवर ठेवायचो आणि कडेखाली फिलर गेज घालायचो. ०.६ मिमी मिळायचं, पास. तोच पार्ट दुसऱ्या दिवशी मापला तर १.६ मिमी. पीपी हे अर्धस्फटिकी प्लॅस्टिक आहे. पार्ट हाताला गार लागला तरी आतलं स्फटिकीभवन चालूच असतं आणि आकुंचन हळूहळू वाढत राहतं. आयएसओ २९४-४ या मानकात मोल्डिंगचं आकुंचन १६ ते २४ तासांनंतर मोजायला सांगितलंय ते याचसाठी. ग्राहकाच्या हातात जो पार्ट पडतो तो दुसऱ्या दिवसाचा असतो. म्हणून आता वाकाबद्दलचा कुठलाही निर्णय आम्ही २४ तासांनंतरच्या मापावरच घेतो. मशीनजवळचं माप घेतो, पण फक्त शॉट ते शॉट फरक बघायला.

दुसरी चूक याहून मोठी होती. आम्ही वाक "किती" ते लिहायचो, "कसा" ते लिहीतच नव्हतो. कडेवर सारख्या अंतरावर आठ खुणा करा, पहिली खूण कॅव्हिटी नंबरच्या समोर. प्रत्येक खुणेखालची फट मापा आणि एका गोलावर आकडे मांडा. दोन मिनिटांचं काम आहे. गोल पार्टमध्ये बहुतेक वेळा दोनच आकार निघतात. एकात समोरासमोरचे दोन बिंदू वर उचललेले असतात आणि त्यांच्या काटकोनातले दोन खाली टेकलेले. हे खोगीर. ते दोन बिंदूंवर टेकतं, म्हणून डुगडुगतं. दुसऱ्यात पूर्ण कड सारखी टेकते आणि मधला भाग वर फुगतो, किंवा उलट मध्य टेकतो आणि कड सगळीकडे उचलली जाते. ही वाटी. ती डुगडुगत नाही, पण फिलर आत जातो. आमच्या रजिस्टरमध्ये दोन्हींसमोर "वॉर्पेज" एवढंच लिहिलेलं असायचं, आणि दोन्हींची कारणं तर एकमेकांच्या उलट आहेत.

ती कशी, ते आकड्यांनी बघू. समजा पार्ट त्रिज्येच्या दिशेने १.८ टक्के आकसला आणि परिघाच्या दिशेने १.५ टक्के. कॅव्हिटीतली ७५ मिमीची त्रिज्या ७३.६५ मिमी झाली. सपाट बसायचं तर परिघही याच त्रिज्येला शोभणारा हवा. पण परिघ कमी आकसला. तो ७३.८७५ मिमी त्रिज्येच्या वर्तुळाएवढा राहिला. म्हणजे कडेवर साधारण १.४ मिमी जास्तीचं मटेरियल आहे आणि त्याला सपाटीत जागा नाही. घेर जास्त ठेवलेल्या झालरीचं काठाशी होतं तेच इथे होतं. कड वर-खाली होते आणि खोगीर तयार होतं. याउलट परिघ जास्त आकसला आणि त्रिज्या कमी, तर कड तोकडी पडते. कागदाच्या चकतीतून पाचर कापून कडा जोडल्या की शंकू होतो, तशी पार्टची वाटी होते. ०.३ टक्के म्हणजे नजरेत न भरणारा फरक, पण सपाट पार्टला एवढा पुरतो.

त्रिज्येच्या दिशेला जास्त आकुंचन येतं कुठून? मधल्या गेटमधून वितळ बाहेरच्या कडेकडे पसरतो. पीपीच्या रेणूंच्या लांब साखळ्या मोकळ्या सोडल्या तर गुंडाळून बसतात. वाहताना त्या प्रवाहाच्या दिशेने ताणल्या जातात. वितळ २२० अंशांचा आणि स्टील ३०-४० अंशांचं, त्यामुळे भिंतीला लागलेला थर सेकंदाच्या काही अंशात गोठतो आणि साखळ्या ताणलेल्याच अडकतात. मधला थर गरम असतो, त्यातल्या साखळ्यांना सैल व्हायला वेळ मिळतो. पुढे आकसताना ताणलेल्या साखळ्या आपल्या दिशेने जास्त ओढतात. म्हणून न भरलेल्या पीपीमध्ये बहुधा प्रवाहाच्या दिशेने आकुंचन जास्त आणि आडवं थोडं कमी येतं. मध्यभागी गेट असेल तर प्रवाहाची दिशा म्हणजे त्रिज्या. खोगीराकडे कल जन्मापासूनच असतो.

हे तपासायचं असेल तर एक पार्ट कापा. एक पट्टी त्रिज्येच्या दिशेने, एक तिला आडवी. लांबी मापून टाल्क पसरलेल्या ताटात ठेवा आणि ओव्हनमध्ये १५० अंशांना अर्धा तास राहू द्या. पीपी १६० ते १६५ अंशांच्या आसपास वितळतं, तेव्हा ओव्हनचा थर्मामीटर विश्वासाचा हवा. गार झाल्यावर पुन्हा मापा. जी पट्टी जास्त आखडली त्या दिशेने साखळ्या जास्त ताणून गोठल्या होत्या. आमच्याकडे त्रिज्येची पट्टी स्पष्ट जास्त आखडली.

पण साखळ्यांचा ताण रोज सारखाच असेल, तर वाक पाळीगणिक का बदलावा? याचं उत्तर गेटमध्ये मिळालं.

गेट गोठण्याची चाचणी बहुतेक शॉपमध्ये ट्रायलच्या दिवशी होते आणि नंतर तो कागद फाइलमध्ये जातो. आमच्याकडे तर तो कागदही नव्हता. होल्डिंग टाइम ४ सेकंद होता. कधीतरी सायकल टाइम कमी करताना तो तेवढा केला गेला असावा. मी ३ सेकंदांपासून एकेक सेकंद वाढवत गेलो. होल्डिंग एक सेकंद वाढलं की कूलिंग एक सेकंद कमी, म्हणजे एकूण सायकल तेवढीच आणि मोल्डचं तापमान जागेवर. प्रत्येक बदलानंतर पहिले काही शॉट सोडून पुढचे तीन पार्ट गेटला लागून आलेली स्प्रूची दांडी काढून वजन केले. ३ सेकंदांना ४१.६ ग्रॅम, ४ ला ४२.१, ५ ला ४२.६, ६ ला ४२.९, ७ ला ४३.०, ८ लाही ४३.०. म्हणजे गेट सातव्या सेकंदाला गोठत होता आणि आम्ही चौथ्या सेकंदालाच प्रेशर सोडत होतो. तीन सेकंद दार उघडं. कॅव्हिटीत दाब, बाहेर काही नाही, मग मटेरियल गेटमधून मागे सरकणारच. ते सरकतं गेटजवळचं, म्हणजे मध्यभागाचं. मध्य रिकामा होऊन जास्त आकसतो, कड तेवढी आकसत नाही आणि तिला पुन्हा जागा कमी पडते. साखळ्यांनी आधीच तयार केलेलं खोगीर यामुळे आणखी खोल होतं.

पाळीगणिक फरकही यातूनच उलगडला. अर्धवट गोठलेल्या गेटमधून किती मटेरियल मागे येईल ते त्या क्षणी गेट किती गरम आहे यावर ठरतं. स्प्रू अडकला, मशीन दहा मिनिटं थांबलं, की मोल्ड गार होतो आणि पुढचे वीसेक पार्ट चांगले निघतात. दुपारी चिलरचं पाणी चढलं की बिघडतात. ऑपरेटरने खरोखरच काही बदललेलं नसतं. गेट पूर्ण गोठेपर्यंत प्रेशर धरलं असतं, तर या चढउतारांचा पार्टवर एवढा परिणाम झाला नसता.

होल्डिंग ७.५ सेकंद केलं आणि कूलिंग १८ वरून १४.५. सायकल एका सेकंदानेही वाढली नाही, कारण होल्डिंग चालू असताना पार्ट गार होतच असतो. हा मुद्दा प्रोडक्शनच्या माणसांना कागदावर दाखवल्याशिवाय पटत नाही, आणि होल्डिंग टाइमला पहिली कात्री लागते ती याच गैरसमजातून. शिवाय वितळ २१० वरून २३० अंशांवर नेला आणि इंजेक्शनचा वेग वाढवला, म्हणजे भरताना गोठणारा थर पातळ राहतो आणि दाब कडेपर्यंत पोहोचतो. २४ तासांनंतरचं माप १.६ वरून ०.७ मिमीवर आलं आणि पाळ्यांमधला फरक जवळजवळ गेला.

इथे एक सावधगिरी आहे. वेळ पुरेशी झाल्यावर उत्साहात प्रेशरही चढवलं तर मध्य गरजेपेक्षा जास्त भरतो, कमी आकसतो, कड तोकडी पडते आणि खोगीराची वाटी होते. मी हे करून पाहिलंय. होल्डिंग प्रेशर १० बारच्या टप्प्यांनी वाढवत गेलं, तर खोगीर कमी होत होत एका ठिकाणी पार्ट जवळपास सपाट होतो आणि त्यापुढे फुगायला लागतो. आठ खुणांचा नकाशा हातात असेल तर आपण त्या बिंदूच्या कुठल्या बाजूला आहोत ते लगेच कळतं. नुसता "१.१ मिमी" हा आकडा ते सांगत नाही.

वाटीचं आणखी एक साधं कारण असतं, मोल्डच्या दोन बाजूंच्या तापमानातला फरक. गरम बाजू उशिरा गोठते, जास्त आकसते आणि पार्ट त्या बाजूकडे वळतो. उन्हात घातलेला पापड ज्या बाजूने जास्त आकसतो तिकडेच वळतो, तसंच हे. ओळखायची खात्रीची रीत म्हणजे कॅव्हिटी आणि कोअरच्या पाण्याच्या तापमानांची अदलाबदल करून पंचवीस शॉट मारणे. वाटी उलटी झाली किंवा स्पष्ट कमी झाली तर कारण तिथेच आहे. खोगीर याला फारशी दाद देत नाही. पाण्याचं तापमान मात्र कंट्रोलरच्या आकड्यावरून धरू नका. स्टीलला प्रोब लावून मापा, कारण तुंबलेली लाइन कंट्रोलरला दिसत नाही.

वजन ठेवणं किंवा जिगमध्ये दाबणं याबद्दलही स्पष्ट सांगतो. गार झालेल्या पार्टवर वजन ठेवून काहीही होत नाही. गरम पार्ट जिगमध्ये गार केला तर तो सपाट निघतो खरा, पण आकुंचनातला फरक आत ताण म्हणून कोंडला जातो. आमचं कव्हर मोटरजवळ बसतं आणि तिथे ते तापतं. जिगमध्ये सरळ केलेले पार्ट ७० अंशांच्या ओव्हनमध्ये चार तास ठेवल्यावर बरेचसे पुन्हा खोगीर झाले.

एवढ्यावर काम मिटलं असतं. पण मग ग्राहकाला कव्हर अधिक ताठ हवं झालं आणि त्याने ३० टक्के ग्लास भरलेलं पीपी सुचवलं. डेटाशीटवर आकुंचन कमी दिसत होतं, म्हणून वाकही कमी होईल असा सगळ्यांचा समज, माझाही. पहिल्याच ट्रायलला कव्हर डुगडुगलं नाही. ते चक्क २.२ मिमीची वाटी झालं.

ग्लासने चिन्हच उलटं केलं होतं. काचेचे तंतू प्रवाहाच्या दिशेने झोपतात आणि काच जवळजवळ आकसत नाही, म्हणून तंतूंच्या दिशेने आकुंचन अडतं. आडव्या दिशेने अडवायला कुणी नसतं. त्या ग्रेडच्या डेटाशीटवर प्रवाहाच्या दिशेने ०.३ टक्के आणि आडवं ०.९ टक्के होतं. न भरलेल्या पीपीमध्ये प्रवाहाची दिशा जास्त आकसत होती, आता तीच कमी आकसते. त्रिज्या लांब राहते, परिघ तोकडा पडतो. हेच आकडे आमच्या चकतीला लावले तर परिघ सुमारे २.८ मिमीने कमी पडतो आणि कागदावर शंकूची उंची ८ मिमी येते. प्रत्यक्षात २.२ आली याची दोन कारणं. डेटाशीटचे आकडे बहुधा ६० बाय ६० मिमीच्या, एका कडेने भरलेल्या चपट्या तुकड्यावरचे असतात. तिथे प्रवाह सरळ जातो, आमच्या चकतीत तो पसरत जातो. पसरणारा प्रवाह मधल्या थरातले तंतू परिघाच्या दिशेने आडवे करतो, त्यामुळे दोन दिशांतला फरक काहीसा भरून निघतो. शिवाय भिंतीचा ताठपणा वळायला विरोध करतो.

त्या ट्रायलमध्ये होल्डिंग, तापमान, वेग सगळं फिरवून पाहिलं. वाटी २.२ वरून १.८ पर्यंत आली, त्याखाली नाही. तंतूंची दिशा गेटच्या जागेने आणि पार्टच्या आकाराने ठरलेली असते, ती मशीनच्या पॅनेलवरून बदलत नाही. न भरलेल्या मटेरियलमध्ये सेटिंगला जेवढा वाव असतो, तेवढा ग्लासमध्ये नसतो. ग्लासच्या वाकावर आठवडाभर सेटिंग करत बसणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, की एक दिवस ट्रायल करा आणि मग टूलरूममध्ये किंवा मटेरियलवाल्याकडे जा. याशिवाय कव्हरचा व्यासही दीड मिमीच्या आसपास मोठा आला, कारण कॅव्हिटी १.६ टक्के आकुंचन धरून कापलेली होती.

आणि वेल्ड लाइन. भोकाच्या पिनवर वितळ दुभंगतो आणि पलीकडे पुन्हा जुळतो. आमच्या चार भोकांच्या बाहेरच्या बाजूला, भोकापासून कडेपर्यंत ८ मिमीची एकेक रेघ होती. साध्या पीपीमध्ये तिने कधी त्रास दिला नव्हता, ग्लासमध्ये स्क्रू आवळताना कव्हरं नेमकी त्याच रेघेवर तडकली. दोन प्रवाहांची तोंडं समोरासमोर भिडतात तेव्हा साखळ्या आणि तंतू सांध्याला समांतर वळलेले असतात. साखळ्या वितळ गरम असेपर्यंत थोड्या एकमेकींत शिरून सांधा पकडतात. तंतू मात्र सांधा ओलांडत नाहीत. बाकी पार्टला ताकद देणारी काच सांध्यावर कामाची नसते, आणि तिथली ताकद ग्लास-फिल्ड मटेरियलच्या निम्म्यावर यायलाही वेळ लागत नाही.

रेघ हीच आहे याची खात्री शॉर्ट शॉटने करा. होल्डिंग बंद करून शॉट साइझ टप्प्याटप्प्याने कमी करा आणि प्रवाहाची तोंडं कुठे भिडतात ते बघा. तडा आणि भेटीची जागा एकच असली पाहिजे. आमच्याकडे शॉर्ट शॉटमध्ये भोकामागे हवेचा खिसाही दिसला. हवा निघून जायला प्रत्येक भोकासमोर कडेला ०.०२ मिमी खोल व्हेंट काढला, वितळ आणि मोल्ड दोन्ही गरम केले. रेघ दिसायला फिकट झाली, पण स्क्रूखाली तरीही तडकली. फिकट रेघ म्हणजे मजबूत रेघ असं धरून चालू नका, स्क्रू टॉर्कने तोडूनच बघा.

शेवटी आम्ही तीन गोष्टी केल्या. ग्राहकाला २० टक्के टाल्क भरलेल्या पीपीवर आणलं. टाल्क पत्रीसारखा असतो, सुईसारखा नाही. त्याचं दोन्ही दिशांतलं आकुंचन जवळजवळ सारखं, १.१ टक्क्याच्या आसपास आलं. ताठपणा ग्लासएवढा नाही, पण न भरलेल्या पीपीपेक्षा चांगला, आणि मागच्या बाजूला बरगड्या देऊन उरलेली गरज भागली. व्यासासाठी बाहेरची रिंग इन्सर्ट नवी करावी लागली. वेल्ड लाइनचा प्रश्न टाल्कनेही पूर्ण सुटत नाही, कारण पत्र्याही सांध्यात समांतर वळतात. म्हणून चारही पिना कापून फक्त अर्धा मिमी उंच ठेवल्या. वितळ आता त्यांच्यावरून जातो, भोकाच्या जागी नुसता खळगा राहतो आणि त्यात चार स्पिंडलच्या ड्रिलने भोक पाडतो. सांधाच उरला नाही. तिसरी गोष्ट ग्राहकाच्या असेंब्लीतली. ते काउंटरसंक स्क्रू वापरत होते. त्याचं निमुळतं डोकं भोकात पाचरीसारखं शिरतं आणि भोक नेमकं कडेकडे फाडायला बघतं. सपाट बुडाचं डोकं आणि वॉशर सुचवला.

आता २४ तासांनंतरचं माप ०.५ मिमीच्या आसपास येतं आणि आठ खुणांचा नकाशा अगदी हलकं खोगीर दाखवतो. ७० अंशांच्या ओव्हनमध्ये चार तासांनंतर त्यात आणखी ०.२ मिमी भर पडते. सेटिंग शीटवर होल्डिंग टाइमच्या रकान्यात आता गेट गोठण्याची वेळ आणि ४३ ग्रॅमऐवजी नव्या मटेरियलचं पक्कं वजन लिहिलेलं असतं, आणि पाळी सुरू झाल्यावर पहिल्या तासात ऑपरेटर तीन पार्ट वजन करून त्या आकड्याशी ताडून बघतो.